सम पदे एकीकडे, विषम पदे दुसरीकडे

संगणकावर दोन ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा. एका क्रमिकेतले शंभरावे, दोनशेवे, तीनशेवे असे दर शंभरावे पद तो छापतो:

```
for n in range(100, 1001, 100):
    print(n, (-1)**n * n/(n+1))
```

पडद्यावर दहा संख्या उमटतात. पहिली साधारण ०.९९०, दुसरी ०.९९५, तिसरी ०.९९७ आणि शेवटची, म्हणजे हजारावे पद, ०.९९९. इतक्या शिस्तीत १ कडे सरकणाऱ्या संख्या पाहिल्यावर कोणीही म्हणेल, या क्रमिकेची सीमा १ आहे. आता प्रोग्रॅममधल्या पहिल्या १०० च्या जागी १०१ घालावे आणि तो पुन्हा चालवावा. या खेपेला उमटते −०.९९०, −०.९९५, −०.९९७ आणि तसेच पुढे. सगळ्या संख्या ऋण, सगळ्या −१ कडे निघालेल्या. क्रमिका तीच, सूत्र तेच, आकडेमोडही दोन्ही वेळा बिनचूक. चुकीचा ठरतो तो फक्त पहिल्या दहा संख्यांवरून काढलेला निष्कर्ष.

दर शंभरावे पद घेतले की प्रत्येक वेळी n सम येतो आणि (−1)ⁿ ची किंमत नेहमी +१ राहते. शंभरच्या उड्या मारणाऱ्या प्रोग्रॅमला ऋण पद कधी भेटतच नाही. ही क्रमिका हाताने लिहून काढली असती, तर पहिल्याच ओळीत गोष्ट लक्षात आली असती:

−१/२, २/३, −३/४, ४/५, −५/६, ६/७, …

शून्याच्या एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे जाणारी ही क्रमिका बी.एस्सी.च्या गणितात हटकून भेटते. ‘क्रमिका अभिसारी आहे की नाही ते ठरवा,’ असा प्रश्न असतो आणि बरेच विद्यार्थी उत्तरात लिहितात: ‘चिन्ह सारखे बदलते, म्हणून सीमा नाही.’ उत्तर बरोबर आहे, पण दिलेले कारण चूक आहे. चिन्ह बदलत राहते एवढ्यावरून सीमेबद्दल काहीच ठरत नाही. नेमके काय दाखवले म्हणजे सीमा नाही हे सिद्ध होते, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण ती सिद्धता चार ओळींची असली तरी तिने मिटवलेला प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ मोठमोठ्या गणितज्ञांना छळत होता.

आधी ‘सीमा’ म्हणजे काय ते पाहू. एखाद्या क्रमिकेची सीमा L आहे असे म्हणायचे, तर L च्या भोवती कितीही अरुंद पट्टा आखला तरी एका ठरावीक पदानंतरची सगळी पदे त्या पट्ट्यात सापडली पाहिजेत. पट्टा आणखी अरुंद केला तर कदाचित आणखी पुढच्या पदापासून सुरुवात करावी लागेल, ते चालते. पण त्या पदापुढे एकही पद बाहेर राहिलेले चालत नाही. या व्याख्येचे सगळे वजन ‘सगळी’ या शब्दावर आहे. ‘अनंत पदे पट्ट्यात आहेत’ एवढ्याने काम भागत नाही. वरच्या क्रमिकेत १ च्या कोणत्याही पट्ट्यात अनंत पदे आहेतच, पण अनंत पदे बाहेरही आहेत.

आता उलट बाजू. सीमा आहे हे दाखवायचे तर एक संख्या पुढे करून ती सीमा आहे हे पटवले की झाले. सीमा नाही हे दाखवणे अवघड असते, कारण तिथे प्रत्येक संख्येचा दावा खोडून काढावा लागतो. १ ही सीमा नाही, −१ नाही, ० नाही, ०.३ नाही, आणि असे दावेदार अनंत आहेत. एकेकाला बाद करत बसलो तर काम कधीच संपायचे नाही. म्हणून सगळ्यांना एका दमात बाद करणारी युक्ती हवी आणि ती उपक्रमिकांमुळे मिळते.

उपक्रमिका म्हणजे मूळ क्रमिकेतून काही पदे, क्रम न बदलता, निवडून केलेली नवी क्रमिका. अट एवढीच की निवड कुठे थांबता कामा नये. सम क्रमांकाची सगळी पदे ही एक उपक्रमिका, विषम क्रमांकाची दुसरी. दर शंभरावे पद घेतले तर तीही उपक्रमिकाच, आणि पडद्यावर दिसत होती ती तिचीच पहिली दहा पदे.

क्रमिका आणि उपक्रमिका यांचे नाते साधे आहे. मूळ क्रमिकेची सीमा L असेल, तर तिच्या प्रत्येक उपक्रमिकेची सीमाही L च असते. कारण व्याख्येतच दडलेले आहे. एका पदापुढची सगळी पदे पट्ट्यात आली असतील, तर त्यांतून वेचलेली पदेही पट्ट्यातच असणार, त्यांना दुसरीकडे जायला जागाच नाही. मग हेच वाक्य उलटे वाचायचे. एखाद्या क्रमिकेच्या दोन उपक्रमिका दोन वेगवेगळ्या संख्यांकडे जात असतील, तर मूळ क्रमिकेला सीमा असूच शकत नाही. असती, तर ती एकाच वेळी दोन वेगळ्या संख्यांएवढी भरली असती. इथे कोणत्याही L चे नाव न घेता सगळे दावेदार एकदमच बाद झाले.

उदाहरणात हे करून पाहू. n सम असेल तर तो 2k असा लिहिता येतो. मग चिन्ह धन राहते आणि पद मिळते 2k/(2k+1), म्हणजेच 1 − 1/(2k+1). k वाढेल तसा वजा होणारा अपूर्णांक शून्याकडे जातो, म्हणून सम पदांची सीमा १. n विषम असेल तर तो 2k−1 असा लिहायचा. आता चिन्ह ऋण होते आणि पद मिळते −(2k−1)/(2k), म्हणजेच −1 + 1/(2k). इथेही अपूर्णांक शून्याकडे जातो आणि विषम पदांची सीमा येते −१. या दोन सीमा वेगळ्या आहेत, म्हणून क्रमिका अपसारी. उत्तरपत्रिकेत एवढेच लिहायचे असते आणि एवढे पुरते. मात्र दोन्ही उपक्रमिकांच्या सीमा काढून दाखवाव्याच लागतात. ‘एक वर जाते, एक खाली जाते’ असे नुसते म्हणून चालत नाही.

ज्यांना ‘उलटे वाचणे’ थोडे हातचलाखीचे वाटते, त्यांनी पट्टा प्रत्यक्ष ठेवून पाहावा. या क्रमिकेतले प्रत्येक सम पद २/३ किंवा त्याहून मोठे आहे आणि प्रत्येक विषम पद −१/२ किंवा त्याहून लहान. म्हणजे कोणतेही सम पद आणि कोणतेही विषम पद यांच्यात किमान ७/६ एवढे अंतर राहते. आता एकूण रुंदी १ असलेला पट्टा घ्या आणि संख्यारेषेवर हवा तिथे ठेवा. ७/६ हे १ पेक्षा जास्त, त्यामुळे लागोपाठची दोन पदे त्या पट्ट्यात कधीच एकत्र मावणार नाहीत. सीमा असती, तर कुठेतरी ठेवलेल्या अशा पट्ट्यात एका पदापुढची सगळी पदे मावली असती. अशी जागा संख्यारेषेवर कुठेच नाही. दोन सीमांमधले अंतर हीच अडचण आहे. चिन्ह फक्त ते अंतर निर्माण करण्याच्या कामी आले.

चिन्ह दोषी नाही हे दुसऱ्या एका क्रमिकेवरून लगेच कळते. (−1)ⁿ/n या क्रमिकेची पदे −१, १/२, −१/३, १/४ अशी येतात. इथेही चिन्ह प्रत्येक पावलाला बदलते, आणि तेही न थकता. पण सम पदे १/२, १/४, १/६ अशी शून्याकडे उतरतात आणि विषम पदे −१, −१/३, −१/५ अशी शून्याकडेच चढतात. दोन्ही सीमा शून्य. सम आणि विषम मिळून क्रमिकेतले एकही पद उरत नाही, म्हणून मूळ क्रमिकेची सीमाही शून्य. नियम असा निघतो: (−1)ⁿ ला ज्या धन संख्येने गुणले आहे ती शून्याकडे जात असेल तर क्रमिका अभिसारी, आणि शून्याखेरीज दुसऱ्या एखाद्या सीमेकडे जात असेल तर अपसारी.

भारतीय गणितातले एक जुने आणि सुंदर उदाहरण याच जातीचे आहे. केरळच्या माधव परंपरेत सापडलेली 1 − 1/3 + 1/5 − 1/7 + … ही अनंत बेरीज π च्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे सुमारे ०.७८५ भरते. तिच्या आंशिक बेरजा, म्हणजे एकेक पद मिळवत गेल्यावर दर टप्प्याला जमलेल्या बेरजा, अशा येतात: १, ०.६६७, ०.८६७, ०.७२४, ०.८३५, ०.७४४. पहिली, तिसरी, पाचवी बेरीज वरून खाली उतरते आहे आणि दुसरी, चौथी, सहावी खालून वर चढते आहे. इथेही दोन उपक्रमिका आहेत, पण त्यांच्यातले अंतर दर टप्प्याला मिळवायच्या किंवा वजा करायच्या पदाएवढेच उरते, आणि ते पद शून्याकडे जाते. त्यामुळे दोघींची भेट एकाच ठिकाणी होते. म्हणजे सम-विषम वेगळे करण्याची युक्ती दोन्ही निकाल देऊ शकते.

याच्या अगदी शेजारी बसणारी, पण वेगळ्या दैवाची बेरीज म्हणजे 1 − 1 + 1 − 1 + …. पिसा इथे शिकवणारे गुइदो ग्रांदी हे धर्मोपदेशक गणितज्ञ होते. १७०३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी या बेरजेची किंमत १/२ दिली. त्यांनी 1/(1+x) या अपूर्णांकाचा विस्तार 1 − x + x² − x³ + … असा घेतला आणि त्यात x च्या जागी १ घातला. डावीकडे १/२ आले, उजवीकडे ही बेरीज. कंस वेगळे घातले, म्हणजे (1−1) + (1−1) + … असे लिहिले, की तीच बेरीज शून्य दिसते. ईश्वराने शून्यातून विश्व निर्माण केले, या श्रद्धेला त्यांना या विसंगतीत आधार दिसला. १/२ चे समर्थन म्हणून त्यांनी एक गोष्टही सांगितली. दोन भावांना वडिलांकडून एक अमोल रत्न मिळते, पण ते विकायला मनाई असते. म्हणून ते ठरवतात की रत्न एक वर्ष एकाकडे आणि एक वर्ष दुसऱ्याकडे ठेवायचे. हा करार अनंत काळ चालला, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे रत्न आले असे म्हणावे लागेल.

लायब्निझही १/२ च्याच बाजूने होते. १७१३ साली ख्रिस्तियान वोल्फ यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी असा विचार मांडला: बेरीज सम संख्येच्या पदांवर थांबवली तर ० येते, विषमवर थांबवली तर १. अनंत सम नाही आणि विषमही नाही, तेव्हा दोन्ही शक्यता सारख्याच धरून मधली किंमत घ्यावी. हा युक्तिवाद गणिती कमी आणि तात्त्विक जास्त आहे, हे त्यांनी स्वतःच कबूल केले होते. पुढे ऑयलर यांनीही १/२ हीच किंमत मानली. ही सगळी माणसे अतिशय हुशार होती. त्यांच्याकडे ‘अनंत बेरीज’ या शब्दांची नेमकी व्याख्या नव्हती, इतकेच.

ती व्याख्या १८२१ साली पॅरिसमध्ये कोशी यांनी आपल्या ‘कूर द’आनालिझ’ या पाठ्यपुस्तकात स्वच्छ शब्दांत मांडली. आंशिक बेरजांची क्रमिका एका ठरावीक सीमेकडे जात असेल, तर ती सीमा म्हणजे अनंत बेरीज. जात नसेल, तर बेरीज नाही. हा निकष ग्रांदींच्या बेरजेला लावायला अर्धे मिनिट पुरते. तिच्या आंशिक बेरजा १, ०, १, ०, १, ० अशा आहेत. विषम क्रमांकाच्या सगळ्या बेरजा १, त्यांची सीमा १. सम क्रमांकाच्या सगळ्या ०, त्यांची सीमा ०. दोन उपक्रमिका, दोन वेगळ्या सीमा, म्हणून बेरीज अस्तित्वात नाही. लायब्निझ यांनी नेमक्या याच दोन उपक्रमिका पाहिल्या होत्या. त्यांनी त्यांची सरासरी काढली, आणि कोशींच्या व्याख्येने त्यांच्याच आधारे सीमा नाकारली.

१/२ हा आकडा मात्र निव्वळ चूक म्हणून टाकून देता येत नाही. १८९० साली चेझारो यांनी आंशिक बेरजांऐवजी त्यांच्या चढत्या सरासरींची सीमा घ्यायची पद्धत मांडली. १, ०, १, ० या बेरजांची सरासरी अनुक्रमे १, १/२, २/३, १/२, ३/५ अशी येत जाते आणि तिची सीमा खरोखरच १/२ आहे. पण ही ‘बेरजे’ची वेगळी व्याख्या झाली. नेहमीच्या अर्थाने बेरीज नाही, हा निकाल तिने बदलत नाही.

ही पद्धत वापरताना नेहमी होणाऱ्या चुका कुठल्या? सगळ्यात घातक चूक म्हणजे दोन उपक्रमिकांच्या सीमा सारख्या निघाल्या की लगेच ‘क्रमिका अभिसारी’ असे लिहून मोकळे होणे. चौथे, आठवे, बारावे पद घेतले आणि शंभरावे, दोनशेवे, तीनशेवे पद घेतले, तर आपल्या पहिल्या उदाहरणात दोन्हींची सीमा १ च येते, कारण दोन्ही निवडी सम पदांतूनच झालेल्या आहेत. सारख्या सीमांवरून अभिसरण म्हणायचे, तर निवडलेल्या उपक्रमिकांनी मिळून सगळी पदे व्यापायला हवीत. वेगळ्या सीमांवरून अपसरण म्हणायला मात्र कोणत्याही दोन उपक्रमिका चालतात, बाकीची पदे कुठेही जावोत.

दुसरी अडचण चिन्हांच्या चालीची. (−1) चा घातांक n(n−1)/2 असेल तर n = 1 पासून चिन्हे +, −, −, +, +, −, −, + अशी जोडीजोडीने बदलतात. इथे सवयीने सम आणि विषम वेगळे केले तर पंचाईत होते. सम पदांची चिन्हे −, +, −, + अशी येतात आणि विषम पदांची +, −, +, −. दोन्ही उपक्रमिका स्वतःच हेलकावे खातात, म्हणून त्यांना सीमा नाही आणि तुलना करायला हातात काहीच उरत नाही. उपाय एवढाच की चाल ओळखून n = 4k आणि n = 4k+2 अशी निवड करायची. पहिलीत सगळी पदे +१ आणि दुसरीत सगळी −१. सम-विषम हा केवळ सगळ्यात सोपा कप्पा आहे, नियम नव्हे.

काही क्रमिकांपुढे ही पद्धत चालतच नाही. (−1)ⁿ·n घ्या: −१, २, −३, ४. हिची कोणतीही उपक्रमिका घेतली तरी पदे मोजमापाबाहेर वाढत जातात, त्यामुळे दोनच काय, एकही सीमा हाती लागत नाही. इथे दुसरे कारण द्यावे लागते: अभिसारी क्रमिका नेहमी दोन संख्यांच्या मध्ये बांधलेली असते, ही तशी नाही, म्हणून अपसारी.

पण क्रमिका बांधलेली असेल, म्हणजे तिची सगळी पदे दोन ठरावीक संख्यांच्या मध्ये राहत असतील, तर ही पद्धत कधीच दगा देत नाही. बोल्झानो आणि वायरश्ट्रास यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमेयानुसार अशा प्रत्येक क्रमिकेतून निदान एक अभिसारी उपक्रमिका निघतेच. तिची सीमा L म्हणू. मूळ क्रमिका L कडे जात नसेल, तर L भोवती एखादा पट्टा असा असतो की ज्याच्या बाहेर अनंत पदे पडतात. बाहेर पडलेली ही पदेही बांधलेलीच आहेत. त्यांना तेच प्रमेय पुन्हा लावले की त्यांच्यातून दुसरी अभिसारी उपक्रमिका निघते आणि तिची सीमा L असू शकत नाही. म्हणजे बांधलेली क्रमिका अपसारी असेल, तर वेगळ्या सीमांच्या दोन उपक्रमिका तिच्यात हमखास असतात. त्या शोधून काढणे कधी सोपे असते, कधी अवघड, पण शोध वाया जाणार नाही याची खात्री असते.

वाचकांनी कागद घेऊन या दोन क्रमिका सोडवून पाहाव्यात. पहिली (−1)ⁿ(√(n+1) − √n) आणि दुसरी (−1)ⁿ(√(n²+n) − n). दिसायला त्या सख्ख्या बहिणी वाटतात, दोन्हींचे चिन्हही प्रत्येक पदाला बदलते. दोन्हींत कंसातल्या वजाबाकीला तिच्या बेरजेच्या जोडीदाराने गुणून आणि भागून घ्यावे, म्हणजे पहिलीचा कंस शून्याकडे आणि दुसरीचा १/२ कडे जातो हे दिसेल. पहिली क्रमिका शून्याकडे अभिसारी आहे. दुसरी अपसारी आहे: तिची सम पदे १/२ कडे जातात आणि विषम पदे −१/२ कडे.